दांडा ओढणारा हात

बारावीच्या भौतिकशास्त्रात एक आकृती हमखास भेटते. दोन समांतर रूळ, त्यांच्यावर आडवा टाकलेला धातूचा दांडा, रुळांच्या एका टोकाला जोडलेला रोध आणि मधल्या जागेत पसरलेल्या फुल्या. फुली म्हणजे कागदात शिरणारे चुंबकीय क्षेत्र. दांड्याशेजारी वेगाचा बाण असतो. विद्यार्थी सूत्र पाठ करतात, त्यात आकडे घालतात, गुण मिळवतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. आकृतीत एक गोष्ट मात्र बहुधा काढलेलीच नसते. ती म्हणजे दांडा ओढणारा हात.

हात कशाला हवा, हा प्रश्न दिसतो तितका बाळबोध नाही. रूळ गुळगुळीत आहेत, घर्षण नाही, असे उदाहरणातच लिहिलेले असते. न्यूटनचा पहिला नियम सांगतो की बाहेरून बल लागले नाही तर चालणारी वस्तू त्याच वेगाने चालत राहते. मग एकसमान वेगाने निघालेल्या दांड्याला सतत ओढत राहावे लागते, ते का? आणि ओढण्यात खर्च झालेले कष्ट जातात कुठे?

एक ठरावीक मांडणी घेऊ आणि शेवटपर्यंत तीच वापरू. टेबलावर पितळेचे दोन रूळ एकमेकांपासून २० सेंटिमीटर अंतरावर ठेवले आहेत. त्यांच्यावर ५ मिलिमीटर जाडीचा तांब्याचा गोल दांडा आहे. सगळीकडे वरून खाली जाणारे अर्ध्या टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र आहे. रुळांची डावीकडची टोके एका रोधाने जोडली आहेत आणि परिपथाचा एकूण रोध ०.१ ओहम आहे. दांडा उजवीकडे सेकंदाला २ मीटर वेगाने चालला आहे.

दांड्यात मुक्त इलेक्ट्रॉन असतात. दांडा उजवीकडे निघाला की तेही त्याच्याबरोबर उजवीकडे निघतात. चुंबकीय क्षेत्रातून जाणाऱ्या प्रभारावर बल लागते आणि ते बल वेगालाही काटकोनात असते, क्षेत्रालाही. वेग उजवीकडे, क्षेत्र खाली, म्हणजे उरलेली दिशा एकच: दांड्याची लांबी. इलेक्ट्रॉन दांड्याच्या एका टोकाकडे ढकलले जातात. तिथे ऋण प्रभार साचतो, दुसऱ्या टोकाला त्याची उणीव पडते आणि दोन टोकांमध्ये विद्युतदाब तयार होतो. याला पुस्तकात प्रवर्तित विद्युत चालक बल म्हणतात, वर्गात सगळे नुसते ईएमएफ म्हणतात. नावात बल असले तरी ते बल नव्हे. ते व्होल्टमध्ये मोजतात. त्याची किंमत क्षेत्र, लांबी आणि वेग यांच्या गुणाकाराइतकी असते:

E = B × L × v

आपल्या दांड्यासाठी ०.५ × ०.२ × २, म्हणजे ०.२ व्होल्ट. हे जोडणी होवो न होवो, असतेच. रोध काढून टाकला, रुळांची टोके मोकळी सोडली, तरी दांड्याच्या टोकांमध्ये ०.२ व्होल्टचा फरक राहतो. फक्त धारा वाहत नाही. आणि धारा वाहत नसेल तर दांडा ओढायला हातही लागत नाही. क्षेत्रातून वाहक हलला की त्याला अडवणारे बल आलेच, असे अनेकांच्या मनात बसलेले असते. ते चुकीचे आहे. अडवते ती धारा.

रोध जोडला की ०.२ व्होल्ट भागिले ०.१ ओहम, म्हणजे २ अँपिअर धारा सुरू होते. आता हा धारा वाहून नेणारा तांब्याचा दांडा चुंबकीय क्षेत्रात आहे. अशा दांड्यावर क्षेत्र, धारा आणि लांबी यांच्या गुणाकाराइतके बल लागते: ०.५ × २ × ०.२, म्हणजे ०.२ न्यूटन. दिशा कोणती? गतीच्या विरुद्ध. हाइनरिश लेन्झ याने १८३४ मध्ये मांडलेला नियम हेच सांगतो की प्रवर्तित धारा स्वतःच्या कारणाला विरोध करते. दिशा उलटी असती, तर दांड्याला हलकासा धक्का देऊन सोडल्यावर तो आपोआप वेग घेत सुटला असता आणि वीज फुकट मिळाली असती.

म्हणून हाताने ०.२ न्यूटन बलाने पुढे ओढायचे. हे सुमारे २० ग्रॅम वजनाइतके बल आहे. हात पुढे ओढतो तेवढेच क्षेत्र मागे खेचते, एकूण बल शून्य होते आणि दांडा एकसमान वेगाने चालतो. न्यूटनच्या नियमाला कुठेही धक्का लागत नाही.

हिशेबही चोख जुळतो. ०.२ न्यूटन बलाने सेकंदाला २ मीटर ओढायचे, म्हणजे हात दर सेकंदाला ०.४ जूल खर्च करतो, म्हणजेच ०.४ वॅट. रोधात धारेचा वर्ग गुणिले रोध इतकी उष्णता तयार होते: ४ × ०.१, पुन्हा ०.४ वॅट. हाताने घातलेले सगळे उष्णता होऊन बाहेर पडले. वेग दुप्पट केला तर दाब दुप्पट, धारा दुप्पट, बलही दुप्पट होते, पण शक्ती चौपट लागते. वेग तोच ठेवून रोध निम्मा केला, तर दाब बदलत नाही, तरीही हाताला दुप्पट जोर लावावा लागतो. सायकलच्या डायनॅमोवर दिवा लावताच पॅडल जड होते, त्यामागे मूळ कारण हेच आहे.

इथवर पुस्तकाचेच झाले. खरी मेख पुढे आहे, आणि ती पुस्तकात सहसा नसते.

चुंबकीय बल नेहमी प्रभाराच्या वेगाला काटकोनात असते. काटकोनातले बल दिशा बदलू शकते, पण कार्य करू शकत नाही, ऊर्जा देऊ शकत नाही. हा नियम अपवादाविना पाळला जातो. मग वरच्या हिशेबात चुंबकीय बलाने इलेक्ट्रॉनांना दांड्यातून ढकलले आणि रोध तापवला, असे आपण कसे म्हटले? ऊर्जा हातातून आली हे आकडे दाखवतात. पण हात इलेक्ट्रॉनांना आडवे ढकलतच नाही. तो दांड्याला उजवीकडे ओढतो, आणि इलेक्ट्रॉन जातात दांड्याच्या लांबीने.

उत्तर इलेक्ट्रॉनाच्या वेगात दडलेले आहे. त्याचा वेग एक नाही, दोन वेगांची बेरीज आहे. दांड्याबरोबर तो सेकंदाला २ मीटर उजवीकडे जातो, आणि धारा वाहत असल्यामुळे दांड्याच्या लांबीनेही सरकतो. हे सरकणे अत्यंत संथ असते. तांब्याच्या दर घनमीटरमध्ये सुमारे ८.५ × १०²⁸ मुक्त इलेक्ट्रॉन असतात. त्यावरून आपल्या दांड्यात २ अँपिअर धारेसाठी त्यांचा सरासरी सरकण्याचा वेग सेकंदाला साडेसात मायक्रोमीटर निघतो. दांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला एका इलेक्ट्रॉनाला सात तासांहून अधिक वेळ लागेल.

या दोन वेगांमुळे चुंबकीय बलाचेही दोन भाग पडतात. उजवीकडच्या वेगामुळे येणारा भाग इलेक्ट्रॉनाला दांड्याच्या लांबीने ढकलतो आणि कार्य करतो. लांबीच्या दिशेने सरकण्यामुळे येणारा दुसरा भाग त्याला डावीकडे, म्हणजे मागे खेचतो आणि ऋण कार्य करतो. पहिला भाग मोठा आहे, पण त्याच्या दिशेने इलेक्ट्रॉन मुंगीच्याही पावलाने सरकत नाही. दुसरा भाग क्षुल्लक आहे, पण त्याच्या विरुद्ध इलेक्ट्रॉन सेकंदाला २ मीटर पळतो. बल आणि वेग यांचा गुणाकार केला की दोन्ही कार्ये तंतोतंत सारखी आणि विरुद्ध चिन्हांची निघतात. बेरीज शून्य. चुंबकीय क्षेत्र इथे बाजार समितीतल्या अडत्यासारखे वागते. माल एकाकडून घेते, दुसऱ्याला देते, आणि हा अडत्या अडतही घेत नाही.

मागे खेचणारा हा दुसरा भाग खरोखर हाताला जाणवणारे बल आहे का, तेही तपासता येते. एका इलेक्ट्रॉनावरचे हे बल म्हणजे प्रभार गुणिले सरकण्याचा वेग गुणिले क्षेत्र, साधारण ६ × १०⁻²⁵ न्यूटन. इतके लहान बल मोजण्याचा विचारही कोणी करणार नाही. पण आपल्या दांड्यात ३.३ × १०²³ मुक्त इलेक्ट्रॉन आहेत. गुणाकार ०.२ न्यूटन येतो. मघाशी धारा आणि लांबी यांवरून काढलेले बल हेच होते.

एक दुवा अजून राहतो. खेचले जातात ते इलेक्ट्रॉन, आणि ओढला जातो तो दांडा, म्हणजे तांब्याच्या अणूंची जाळी. मागे खेचले गेलेले इलेक्ट्रॉन दांड्याच्या मागच्या बाजूला किंचित जास्त गोळा होतात आणि पुढच्या बाजूला किंचित उणे पडतात. त्यामुळे दांड्याच्या जाडीत एक बारीकसे विद्युत क्षेत्र उभे राहते. एडविन हॉलने १८७९ मध्ये सोन्याच्या पातळ पत्र्यात पकडलेला परिणाम तो हाच. हे क्षेत्र इलेक्ट्रॉनांना पुढे धरून ठेवते आणि धन प्रभार असलेल्या जाळीला तितक्याच बलाने मागे खेचते. हाताशी भांडते ती ही जाळी.

आता हात सोडून देऊ. दांडा ३५ ग्रॅमचा आहे. त्याच्यावर मागे खेचणारे बल वेगाच्या प्रमाणात असल्यामुळे वेग कमी होईल तसे बलही कमी होते. अशा वेळी वेग ठरावीक काळात ठरावीक पटीने घटतो. इथे दर ०.३५ सेकंदाला तो आधीच्या ३७ टक्क्यांवर येतो. गणिताने काटेकोर पाहिले तर दांडा कधीच पूर्ण थांबत नाही. पण कितीही वाट पाहिली तरी तो हात सोडल्या जागेपासून ७० सेंटिमीटरच्या पुढे जात नाही.

प्रत्यक्ष टेबलावर मात्र तो थांबतो, कारण घर्षण. तांबे आणि पितळ यांच्यामधला घर्षणांक पाव धरला तर या दांड्यावर सुमारे ०.०९ न्यूटन घर्षण येते, म्हणजे चुंबकीय बलाच्या जवळजवळ निम्मे. प्रयोग करणाऱ्याने स्प्रिंगकाट्यावर ०.३ न्यूटनच्या आसपास वाचले आणि सूत्र ०.२ सांगते म्हणून चुंबकालाच दोष दिला, तर घोटाळा होतो. दोन्ही वेगळे करायची युक्ती सोपी आहे. रोधाची जोडणी तोडायची आणि त्याच वेगाने पुन्हा ओढायचे. धारा बंद, म्हणजे उरले ते निव्वळ घर्षण. दोन वाचनांतला फरक हे चुंबकीय बल.

दुसरा त्रास स्पर्शाचा. दांड्याचा स्वतःचा रोध ०.०००२ ओहमहूनही कमी आहे. त्याच्यापुढे दांडा आणि रूळ जिथे टेकतात तिथला रोध कितीतरी मोठा असू शकतो. धातूवर काळपट थर चढला किंवा बोटाचा तेलकटपणा लागला की दांडा सरकताना स्पर्श जुळतो, तुटतो आणि मीटरचा काटा उड्या मारतो. एकसमान वेगाला एकसमान धारा दिसत नसेल, तर आधी रूळ बारीक पॉलिश पेपरने घासून स्पिरिटने पुसावेत. आणि दाब अगदी कमी, मायक्रोव्होल्टमध्ये असेल तर आणखी एक संशय घ्यावा लागतो. घासण्याने स्पर्शबिंदू तापतात आणि दोन वेगळ्या धातूंच्या तापलेल्या जोडावर उष्णतेमुळेही किंचित दाब तयार होतो. ओळखायचे कसे? दांडा उलट्या दिशेने ओढायचा. प्रवर्तित दाबाचे चिन्ह उलटते, उष्णतेच्या दाबाचे उलटत नाही.

तिसरी अडचण सर्वात मोठी आणि सर्वात कमी सांगितली जाणारी. एवढे क्षेत्र एवढ्या जागेत आणायचे कुठून? दांड्याला दोरा बांधून, तो टेबलाच्या कडेवरच्या कप्पीवरून नेऊन २० ग्रॅमचे वजन टांगले, तर घर्षण नसताना दांडा स्थिर अवस्थेतून निघून हळूहळू सेकंदाला २ मीटर वेगाकडे जातो. पण त्याच्या ९५ टक्क्यांपर्यंत पोचायलाही त्याला सव्वादोन मीटर रूळ लागतात. शाळेतल्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये अर्धा टेस्ला मिळतो तो चार-दोन सेंटिमीटरच्या फटीत. म्हणूनच ही आकृती पुस्तकात इतकी दिसते आणि प्रयोगशाळेत इतकी क्वचित.

मायकेल फॅरेडेने या अडचणीवर तोडगा काढला होता, तोही विषय जन्मला त्याच वर्षी. २८ ऑक्टोबर १८३१ रोजी त्याने रॉयल सोसायटीच्या मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची १२ इंच व्यासाची तबकडी फिरवली आणि तिच्या आसाला व कडेला संपर्क टेकवून स्थिर धारा मिळवली. तबकडीची ध्रुवांखालची त्रिज्या म्हणजे आपला दांडाच. एक त्रिज्या क्षेत्राबाहेर गेली की दुसरी आत येते, आणि रूळ कधी संपत नाहीत.

पुढच्या जानेवारीत त्याने याहून धाडसी प्रयोग केला. लंडनच्या वॉटर्लू पुलावर ९६० फूट लांब तांब्याची तार टाकली आणि तिच्या टोकांचे पत्रे थेम्स नदीत सोडले. वाहते पाणी हा दांडा, पृथ्वीचे क्षेत्र हा चुंबक. तीन दिवस खटपट करूनही खात्रीचे उत्तर मिळाले नाही. पाण्यातल्या पत्र्यांवरच्या रासायनिक क्रियांमुळे काटा भलतीकडे हलत राहिला. कल्पना बरोबर होती. आज समुद्रप्रवाह मोजण्यासाठी ती वापरतात.

पृथ्वीच्या क्षेत्रात चालणारा खरा दांडा रोज आपल्या डोळ्यांसमोरून जातो: रेल्वेच्या चाकांचा आस. भारतातल्या रुंद मार्गावर रुळांमध्ये १.६७६ मीटर अंतर असते. मुंबईच्या परिसरात पृथ्वीच्या क्षेत्राचा उभा घटक साधारण २० मायक्रोटेस्ला आहे. इथे हे क्षेत्र मोजण्याची परंपरा जुनी आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून नोंदी होत होत्या, आणि मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर त्यांच्या धारांनी सुया हलतील म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला नेली. ताशी १३० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीच्या आसात या क्षेत्रामुळे सुमारे १.२ मिलिव्होल्ट दाब तयार होतो.

हा दाब डब्यात बसून मोजता येईल का? भौतिकशास्त्राच्या शिक्षकांचा हा आवडता सापळा आहे. आसाच्या दोन टोकांना तारा जोडून व्होल्टमीटर मांडीवर घेतला, तर तो शून्य दाखवील. त्या ताराही गाडीबरोबर त्याच वेगाने तेच क्षेत्र कापत असतात. आसात जितका दाब, तितकाच तारांत, आणि वळसा पूर्ण करताना दोन्ही एकमेकांना खोडतात. मीटर रुळांशेजारी जमिनीवर ठेवून दोन्ही रुळांना जोडला तरच वाचन मिळेल. परिपथाचा काही भाग स्थिर आणि काही भाग चालता असावा लागतो, ही अट टेबलावरच्या आकृतीत रूळ गुपचूप पुरवतात. विजेच्या मार्गावर मात्र जमिनीवरच्या मीटरलाही यश येणार नाही. तिथे इंजिनाची परतीची धारा रुळांतूनच जाते आणि तिच्यापुढे एक मिलिव्होल्ट हरवून जातो.

मग डब्यासारख्याच, जमिनीपासून सुटलेल्या अंतराळयानात हा दाब वापरता येईल का? येतो, फक्त स्थिर रूळ दुसरे शोधावे लागतात. फेब्रुवारी १९९६ मध्ये नासा आणि इटलीची अंतराळसंस्था यांनी कोलंबिया यानातून एक छोटा उपग्रह तांब्याचा गाभा असलेल्या दोरीच्या टोकाला बांधून वर सोडला. दोरी १९.७ किलोमीटर उलगडली. हा झाला दांडा, सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने पृथ्वीचे क्षेत्र कापणारा. रुळांचे काम केले त्या उंचीवरच्या आयनद्रायूने. वरचा उपग्रह त्यातून इलेक्ट्रॉन गोळा करी, ते दोरीतून खाली येत आणि यानातून पुन्हा बाहेर फेकले जात. आयनद्रायू यानाबरोबर पळत नसल्यामुळे डब्यातली अडचण इथे आली नाही.

दोरीच्या टोकांमध्ये ३,५०० व्होल्टपर्यंत दाब आणि तिच्यातून सुमारे अर्धा अँपिअर, ०.४८ अँपिअर धारा नोंदली गेली. शक्ती झाली जवळपास १,७०० वॅट. ती वेगाने भागली की दोरीला मागे खेचणारे बल मिळते: सुमारे ०.२२ न्यूटन. टेबलावरच्या दांड्याला ओढायला लागले, जवळजवळ तेवढेच. एवढ्याशा बलातून इतकी शक्ती निघते ती वेगामुळे. फरक इतकाच की कोलंबियाला पुढे ओढणारे कोणी नव्हते. वीज निघत होती ती यानाच्या कक्षेतल्या ऊर्जेतून. शंभर टनांच्या यानाला पाव न्यूटनाने काही तासांत जाणवण्यासारखे काही होत नाही, पण इंजिन बंद पडलेल्या जुन्या उपग्रहांना अशी दोरी लावून हळूहळू खाली आणण्याची कल्पना याच बलावर उभी आहे.

२५ फेब्रुवारीला पूर्ण लांबी उलगडायला एक किलोमीटर उरला असताना दोरी तुटली. ताणाने नव्हे. दोरीच्या आवरणाला कुठेतरी बारीक इजा झाली होती. त्या जागी हजारो व्होल्टच्या दाबामुळे ठिणगी पेटली आणि तिने दोरी जाळली. उपग्रह दोरीसकट दूर निघून गेला आणि पुढच्या महिन्यात वातावरणात शिरून नष्ट झाला.